35.1 विरुद्ध 31.5: थंबनेलच्या चाचणीत फरक खरा कधी मानायचा?

प्रश्न: आमचं शेतीचं चॅनल आहे, 18 हजार सबस्क्रायबर. ठिबकच्या चोक झालेल्या नळ्या साफ करण्याच्या व्हिडिओला तीन थंबनेल लावून यूट्यूबची चाचणी केली. दोन आठवड्यांनी निकाल आला: 35.1, 33.4 आणि 31.5 टक्के, आणि वर लिहिलंय `Performed same`. पहिल्या दिवशी तर पहिलं थंबनेल 41 वर होतं! एवढा फरक दिसत असताना यूट्यूब सारखंच का म्हणतं? या काळात इम्प्रेशन साधारण 24 हजार, सीटीआर 5 टक्के, सरासरी 4 मिनिटं बघितलं गेलं. प्रेक्षक नेमके वाटतात कसे? भाऊ म्हणतो, पूर्वीसारखं आठवड्याला एक थंबनेल बदलून बघू, तेच खरं. आणि टायटलचीही चाचणी घ्यावी का?

उत्तर:

यूट्यूब बरोबर सांगतंय. तुमच्याकडे जेवढे क्लिक आले तेवढ्यात 35.1 आणि 31.5 मध्ये काहीच फरक सिद्ध होत नाही. तिन्ही थंबनेल हुबेहूब एकच असती तरी आकडे साधारण असेच आले असते. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तुमच्याच आकड्यांवरून पुढे हिशोब मांडतो. पण आधी वाटणीचं बघू, कारण भावाच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

अशा चाचणीत कोणाला कोणतं थंबनेल दाखवायचं हे व्हिडिओ, वेळ किंवा गाव बघून ठरत नाही. रूढ पद्धत अशी की प्रत्येक प्रेक्षकाचा ओळख-क्रमांक आणि त्या चाचणीचा क्रमांक एकत्र करून एका गणिती फंक्शनमधून काढतात. त्यातून एक मोठी, कसलाही अर्थ नसलेली संख्या बाहेर पडते. तिला तीनने भागलं की बाकी 0, 1 किंवा 2 उरते, तोच त्या माणसाचा गट. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे तोच माणूस सकाळी आला काय आणि रात्री आला काय, गणित तेच असल्यामुळे गट तोच राहतो. दुसरं म्हणजे चाचणी बदलली की क्रमांक बदलतो आणि सगळे पत्ते नव्याने पिसले जातात, म्हणून गेल्या व्हिडिओला ‘अ’ गटात असलेली मंडळी या वेळी पुन्हा एकत्र येत नाहीत.

याचा फायदा असा की तुम्ही काहीच न करता गट आपोआप सारखे होतात. जुने सबस्क्रायबर, पहिल्यांदाच आलेले, डाळिंबवाले, उसवाले, स्वस्त फोनवाले, टीव्हीवर बघणारे, सगळे साधारण एक-तृतीयांश प्रत्येक गटात जातात. तिन्ही गटांसाठी वार तोच, पाऊस तोच, बाजारभावाची बातमीही तीच. उरतो तो फरक एकच: थंबनेल. मात्र ‘साधारण एक-तृतीयांश’ हे मोठ्या संख्येत खरं ठरतं. गटात 50च क्लिक असतील तर त्यात नळी चोक झाल्यामुळे खरोखर अडलेले आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारे चार-पाच जण एका गटात जास्त पडले, एवढंही चित्र पालटायला पुरतं. (एकाच माणसाचे दोन फोन असतील किंवा तो लॉगिन न करता बघत असेल तर तो दोन गटांत पडू शकतो. त्याने खरा फरक थोडा पातळ होतो, पण कोणा एका थंबनेलकडे झुकत नाही. ती काळजी सोडून द्या.)

आता ते टक्के कशाचे आहेत? बरेच जण इथेच चकतात. 35.1 टक्के म्हणजे सीटीआर नाही आणि मतंही नाहीत. तो वॉच टाइमचा वाटा आहे: चाचणीत या व्हिडिओला जेवढा पाहण्याचा वेळ मिळाला त्यातला कितवा भाग त्या थंबनेलच्या गटातून आला. म्हणून तिन्हींची बेरीज 100 होते आणि बरोबरी म्हणजे 33.3.

क्लिकऐवजी वेळ मोजण्यामागे कारण आहे. समजा तुमचं साधं थंबनेल 5 टक्के लोक दाबतात आणि सरासरी 4 मिनिटं बघतात. म्हणजे दर इम्प्रेशनमागे 12 सेकंद. दुसरं थंबनेल ‘10 रुपयांत ठिबक नवीन!’ असं ओरडणारं आहे. ते 6.5 टक्के लोक दाबतात, पण 10 रुपयांचं काही नाही हे कळताच उठतात आणि सरासरी पावणेतीन मिनिटांवर येते. दर इम्प्रेशनमागे 10.7 सेकंद. क्लिकमध्ये दुसरं 30 टक्क्यांनी पुढे, वेळेत 11 टक्क्यांनी मागे. सीटीआरवर निकाल लावला असता तर तुम्ही खोटं बोलणारं थंबनेल निवडलं असतं. यूट्यूबचं माप इथे मला योग्य वाटतं. ते सगळीकडे चालतं असं मात्र नाही. समजा व्हिडिओचा हेतूच असा असेल की माणसाने पहिल्या मिनिटात आम्लाचं प्रमाण बघून शेतात जावं, तर जास्त वेळ बघणारा प्रेक्षक म्हणजे जास्त उपयोग झालेला प्रेक्षक असं नसतं.

आता तुमचा हिशोब. 24 हजार इम्प्रेशन तीन गटांत, म्हणजे गटाला 8 हजार. 5 टक्क्यांनी 400 क्लिक, प्रत्येकी 4 मिनिटं, म्हणजे गटाला 1,600 मिनिटं.

ही 1,600 मिनिटं दोन ठिकाणी हलतात. एक, क्लिक बरोबर 400 येत नाहीत. त्याच थंबनेलला कधी 380 येतील, कधी 420. दोन, प्रत्येक जण 4 मिनिटं बघत नाही. बरेच जण अर्ध्या मिनिटात जातात आणि थोडे जण पूर्ण बारा-पंधरा मिनिटं बसतात. नेहमीच्या माहितीपर व्हिडिओत ही पसरण साधारण सरासरीएवढीच असते. दोन्ही धरलं तर एका गटाच्या वॉच टाइममध्ये निव्वळ योगायोगाने होणारी नेहमीची हालचाल अशी निघते:

± टक्के = 100 × √(2 ÷ त्या गटाचे क्लिक)

400 क्लिकला हे येतं सुमारे 7 टक्के. एका गटाची ही हालचाल. दोन गटांची तुलना करताना दोन्ही हलतात, म्हणून फरकाची हालचाल 1.4 पट, म्हणजे 10 टक्के. आणि योगायोग अधूनमधून याच्या दुपटीपर्यंत सहज जातो. तुमचं पहिलं थंबनेल तिसऱ्यापेक्षा किती पुढे आहे? 35.1 भागिले 31.5, म्हणजे 11 टक्के. नेहमीच्या हालचालीपेक्षा जेमतेम जास्त.

हेच दुसऱ्या बाजूने बघा, अधिक स्पष्ट दिसेल. तीनही गटांना एकच चित्र दाखवलं आणि गटाला 400 क्लिक आले, तर तिघांतलं सगळ्यात वरचं सरासरी 35.3 दाखवेल आणि सगळ्यात खालचं 31.3. कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली राहणारच, तीन आकडे असले की ते अटळ आहे. तुमचे आकडे 35.1 आणि 31.5. बिनफरकाच्या चाचणीची सरासरी नक्कल.

पहिल्या दिवसाच्या 41चंही हेच. दोन आठवड्यांत गटाला 400 क्लिक आलेत, तर पहिल्या दिवशी समजा 50 आले असतील. 50 क्लिकला हालचाल 20 टक्के. तेव्हा एकसारख्या तीन थंबनेलांतलंही वरचं सरासरी 39च्या आसपास दिसतं. 41 बघून जे हरखून जातात आणि तिथेच चाचणी थांबवून ‘विजेता’ लावतात, ते खरं तर चिठ्ठी उचलतायत. रोज आकडा बघणं गैर नाही, पण आकडा आवडला त्या दिवशी थांबणं गैर आहे. रोज बघत राहिलात तर कधी ना कधी कोणीतरी पुढे दिसणारच, आणि तुम्ही नेमका तोच क्षण पकडता. म्हणून चाचणी तिच्या मुदतीपर्यंत, म्हणजे कमाल दोन आठवडे, चालू द्या. मध्ये टायटल किंवा थंबनेल हाताने बदललंत तर चाचणी बंद पडते, हेही लक्षात ठेवा.

मग किती क्लिक लागतात? वरच्याच सूत्रावरून, दोन थंबनेलांत खरोखर 10 टक्क्यांचा फरक असेल आणि तो दहापैकी आठ वेळा नजरेस पडावा असं वाटत असेल, तर गटाला सुमारे 3,100 क्लिक हवेत. 5 टक्के सीटीआर धरला तर गटाला 62-63 हजार इम्प्रेशन. तुमच्याकडे 8 हजार आहेत. 20 टक्क्यांचा फरक पकडायला त्याच्या चौथाई, 800 क्लिक पुरतात. फरक निम्मा झाला की क्लिक चौपट लागतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. यावरून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. तुमच्या आकाराच्या चॅनलने तीनऐवजी दोनच पर्याय ठेवावेत, म्हणजे गटाला 8 हजारांऐवजी 12 हजार इम्प्रेशन मिळतात. आणि ते दोन पर्याय एकमेकांपासून खूप वेगळे असावेत. अक्षराचा रंग पिवळा की पांढरा, बाण डावीकडे की उजवीकडे, असल्या चाचण्यांचा निकाल तुम्हाला या जन्मात मिळायचा नाही. तिथे फरक असलाच तर 2-3 टक्क्यांचा, आणि त्याला लाखांत इम्प्रेशन लागतात. त्यापेक्षा हातात धरलेला, क्षारांनी पांढरा पडलेला ड्रिपर अगदी जवळून एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तुमचा चेहरा आणि मागे शेत, असं काही लावा.

निकालावरचे शब्दही नीट वाचा. `Performed same` म्हणजे फरक ओळखण्याइतका मोठा निघाला नाही. `Inconclusive` म्हणजे विजेता ठरवता आला नाही, बहुतेकदा इम्प्रेशन कमी पडल्यामुळे. दोन्हीत तुम्ही पहिला टाकलेला पर्यायच व्हिडिओवर राहतो. म्हणून जे थंबनेल तुम्हाला मनापासून पटतं ते पहिलं टाका. आणि `Winner` आला तरी त्याचा वाटा जसाच्या तसा खरा धरू नका. 38 टक्क्यांनी जिंकलेलं थंबनेल थोडं गुणाने आणि थोडं नशिबाने तिथे पोचलेलं असतं. खरा फरक बहुधा त्याहून लहान असतो, विशेषतः क्लिक कमी असतील तेव्हा.

एक तांत्रिक गोष्ट मधेच सांगतो, नंतर विसरेन. तिन्ही चित्रं 1280 × 720 किंवा त्याहून मोठी ठेवा. एक जरी त्याहून लहान असलं तरी चाचणीतली सगळीच थंबनेल 480पीला उतरवून दाखवली जातात. तुलना त्यातही समानच राहते, पण सगळ्यांचीच चित्रं धुरकट होतात आणि ड्रिपरवरचा क्षार दिसेनासा होतो.

आता भावाची पद्धत. एक आठवडा ‘अ’, पुढचा आठवडा ‘ब’. यूट्यूबमध्ये ही सोय नव्हती तेव्हा आम्ही सगळे हेच करायचो, काही बाहेरची टूल्स तर एक दिवसाआड थंबनेल पालटत. त्यात अडचण ही की प्रेक्षक वाटले जात नाहीत, दिवस वाटले जातात. आणि दिवस सारखे नसतात. पोळ्याचा आठवडा आणि त्याच्या पुढचा आठवडा एकच धरणार का? त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. नवा व्हिडिओ आधी तुमच्या ओळखीच्या लोकांना दाखवला जातो आणि ते लगेच दाबतात. नंतर तो अनोळखी लोकांपर्यंत पसरतो, त्यांच्यात सीटीआर साहजिकच पडतो. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं थंबनेल कसंही असो, आकड्यांत ते पुढेच दिसणार. भाऊ ज्याला पहिलं लावेल तेच बहुधा जिंकेल. जुन्या, संथपणे चालणाऱ्या व्हिडिओवर हा दोष कमी होतो, पण जात नाही. तुमच्याकडे गटवार चाचणी उपलब्ध आहे तोवर ही पद्धत सोडा. शॉर्ट्ससाठी यूट्यूबची ही चाचणी नाहीच. तिथे असले निष्कर्ष काढायचा मोह आवरा.

अर्थात, गटवार चाचणीलाही मर्यादा आहे आणि ती कोणी फारशी बोलून दाखवत नाही. तिन्ही गट एकाच व्हिडिओचे असतात. ‘अ’ थंबनेल चांगलं चाललं आणि त्यामुळे यूट्यूबने व्हिडिओ आणखी लोकांना सुचवला, तर ते नवे लोकही तिन्ही गटांत वाटले जातात. म्हणजे ‘अ’ च्या पुण्याईचा लाभ ‘क’ लाही मिळतो. त्यामुळे चाचणी ‘अ’ आणि ‘क’ यांतलं सरस कोणतं हे सांगते, पण ‘अ’ लावल्याने एकूण व्ह्यूज किती वाढतील हे सांगत नाही. विजेता लावल्यावर पुढच्या आठवड्यात व्ह्यूज दुप्पट झाले किंवा निम्मे झाले, तरी त्यावरून चाचणी खरी-खोटी ठरत नाही. ती पुन्हा भावाची आठवड्या-आठवड्याची तुलना झाली.

दुसरी मर्यादा: निकाल हा त्या दोन आठवड्यांत आलेल्या प्रेक्षकांचा असतो. अॅनालिटिक्समध्ये त्या काळाचे ट्रॅफिक सोर्स बघा. बहुतेक लोक सबस्क्रिप्शन फीडमधून आले असतील, तर तुमचा चेहरा जिंकणं स्वाभाविक आहे, त्यांना तो ओळखीचा आहे. तेच थंबनेल पुढे मार्च-एप्रिलमध्ये, पाणी कमी झाल्यावर सर्चमधून येणाऱ्या अनोळखी शेतकऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून वर्षभर सर्चवर चालणाऱ्या व्हिडिओची चाचणी मी प्रकाशित झाल्या दिवशी न लावता महिनाभराने, गर्दी ओसरल्यावर लावतो. क्लिक हळू येतात, पण ज्यांच्यासाठी व्हिडिओ आहे त्यांचे येतात.

टायटलची चाचणी आता त्याच ठिकाणी करता येते: फक्त टायटल, फक्त थंबनेल किंवा दोन्ही मिळून. दोन्ही मिळून निवडलंत तर तुम्ही जोड्यांची चाचणी घेता. जोडी जिंकली तर ती का जिंकली, टायटलमुळे की चित्रामुळे, हे कळत नाही. तुमच्याइतक्या इम्प्रेशनमध्ये एका वेळी एकच बदला.

मराठी चॅनलांवर टायटलबद्दल नेहमी निघणारा प्रश्न म्हणजे ‘ठिबक चोक झालंय? असं साफ करा’ ठेवावं की तेच रोमन लिपीत, `Thibak saaf kase karave` असं. चाचणीला हे विचारता येतं, पण उत्तराचा अर्थ मर्यादित ठेवा. ज्यांच्यासमोर व्हिडिओ आला त्यांनी कोणतं टायटल बघून जास्त वेळ दिला, एवढंच ती सांगते. रोमनमध्ये टाइप करून शोधणारा शेतकरी तुमच्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न वेगळा आहे. जो पोचलाच नाही तो कुठल्याच गटात नसतो. त्यासाठी अॅनालिटिक्समध्ये यूट्यूब सर्चखाली लोक कोणते शब्द टाइप करून आले ती यादी बघा. मी स्वतः टायटल देवनागरीत ठेवतो आणि रोमन शब्द वर्णनात घालतो, पण ही माझी आवड समजा.

शेवटची गोष्ट तुमच्यासारख्या मध्यम चॅनलसाठी सगळ्यात कामाची. एका व्हिडिओत तुम्हाला पुरेसे क्लिक मिळणार नाहीत, पण तोच प्रश्न अनेक व्हिडिओंना विचारता येतो. प्रश्न आधी वहीत लिहा: ‘समस्येचा जवळचा फोटो विरुद्ध माझा चेहरा’. पुढच्या दहा व्हिडिओंना नेमके हेच दोन प्रकार लावा, आणि कोणता प्रकार पहिला टाकायचा ते आलटून-पालटून ठेवा. प्रत्येकाचा निकाल आला की `Performed same` असलं तरी फक्त कोणाचा वाटा 50च्या वर होता तेवढं टिपा. दोघांत फरक नसेल तर हा नाणेफेकीसारखा खेळ आहे. दहापैकी सात वेळा किंवा त्याहून जास्त जवळचा फोटो पुढे येणं योगायोगानेही 17 टक्के वेळा घडतं, म्हणून सातवर विश्वास टाकू नका. नऊ किंवा दहा वेळा येणं जेमतेम 1 टक्का वेळा घडतं. तिथे मी थंबनेलची पद्धत बदलेन. अट एकच, दहाच्या दहा मोजायचे. ‘त्या आठवड्यात लाइट नव्हती’, ‘तो व्हिडिओच वेगळा होता’ म्हणून नावडते निकाल मागाहून गाळलेत तर हा हिशोब कोसळतो. ठिबकचा हा व्हिडिओ त्या दहांत धरू नका, त्यात तीन पर्याय होते. त्यावर आत्ता जे थंबनेल आहे ते राहू द्या.